पैसे गेले, तिकीट नाही

समजा, ठाण्यातल्या एका नाट्यगृहात रविवारी दुपारी प्रयोग आहे. शुक्रवारी संध्याकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी एक बाई तिकीटविक्रीच्या संकेतस्थळावर एफ रांगेतल्या ११ आणि १२ क्रमांकाच्या खुर्च्या निवडतात. दोन तिकिटांचे १,००० रुपये होतात. त्या यूपीआयने पैसे देतात, पिन टाकतात आणि लगेच बँकेचा मेसेज येतो की खात्यातून १,००० रुपये वजा झाले. संकेतस्थळावर मात्र चक्र फिरत राहतं आणि त्याखाली एकच शब्द दिसतो, ‘पेंडिंग’. खुर्च्या त्यांच्यासाठी दहाच मिनिटं, म्हणजे ७.५० पर्यंत, धरून ठेवलेल्या आहेत.

इथून पुढचा प्रत्येक निर्णय डेव्हलपरने आधीच घेऊन ठेवलेला असतो. तिकीट द्यायचं की नाही? बाईंनी पुन्हा पैसे द्यायचा प्रयत्न केला तर करू द्यायचा का? ७.५० वाजता त्या खुर्च्या दुसऱ्याला विकायच्या का? आणि साडेआठ वाजता ‘पैसे मिळाले’ असा निरोप आला तर? या प्रश्नांची उत्तरं ज्यांनी शांतपणे बसून लिहिली नाहीत, त्यांच्याकडे कुणाचे तरी दोनदा पैसे जातात, नाही तर पैसे भरलेला माणूस नाट्यगृहाच्या दारात तिकिटाशिवाय उभा राहतो.

यूपीआयच्या एका व्यवहारात बरेच जण असतात. पैसे देणाऱ्याचं ॲप, त्या ॲपमागची बँक, एनपीसीआयची मधली यंत्रणा, ज्या खात्यातून पैसे जायचे ती बँक, ज्या खात्यात यायचे ती बँक, आणि दुकानदाराच्या वतीने हे सगळं सांभाळणारा पेमेंट गेटवे. पैसे वजा करणं ही एक पायरी असते, जमा करणं दुसरी, आणि ‘झालं’ हे उत्तर पुन्हा सगळ्या साखळीतून मागे येणं ही तिसरी. बाईंच्या बाबतीत पहिली पायरी नक्की झाली. दुसरीही झाली असेल. अडकलं आहे ते परतीचं उत्तर. जुन्या मनीऑर्डरीचे पैसे गावी पोहोचलेले असायचे आणि पोचपावती मात्र टपालातच असायची, तसंच हे आहे. पावती आली नाही यावरून पैसे पोहोचले असंही म्हणता येत नाही आणि पोहोचले नाहीत असंही म्हणता येत नाही.

माझ्या मते या विषयातल्या बहुतेक चुका एकाच जागी जन्म घेतात. उत्तर ठराविक वेळेत आलं नाही की प्रोग्राम ते ‘नाही’ समजून मोकळा होतो. तीस सेकंदांत उत्तर आलं नाही, मग व्यवहार अयशस्वी. पण ‘माहीत नाही’ ही स्वतंत्र अवस्था आहे. तिला डेटाबेसमध्ये स्वतःचं नाव, स्वतःचे नियम आणि तिच्यातून बाहेर पडायचे ठरलेले मार्ग असावे लागतात.

त्यासाठी आधी नोंदींची मांडणी नीट हवी. ‘ऑर्डर’ आणि ‘पैसे देण्याचा प्रयत्न’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे तक्तेही वेगळे असावेत. बाईंची ऑर्डर एकच आहे, क्रमांक ४१२७, दोन खुर्च्या, १,००० रुपये. तिच्याखाली प्रयत्न कितीही होऊ शकतात. पहिला यूपीआयचा, दुसरा कार्डाचा. एक प्रयत्न फसला तर तो प्रयत्न फसला, ऑर्डर उघडीच राहते. नवशिक्या बांधणीत ऑर्डरच्या ओळीतच पेमेंटची स्थिती लिहिलेली असते. मग पहिल्या प्रयत्नाचं अपयश उशिरा येऊन दुसऱ्या प्रयत्नाच्या यशावर फिरतं, आणि पैसे भरलेली ऑर्डर रद्द झालेली दिसते.

ही ऑर्डर गेटवेकडे जायच्या आधी आपल्याकडे नोंदलेली असली पाहिजे, हेही महत्त्वाचं. काही जण पैसे आल्यावर ऑर्डर तयार करतात. तसं केलं तर उशिरा आलेल्या पैशाला चिकटायला जागाच नसते. रेझरपेसारख्या गेटवेत दुकानदार आधी गेटवेकडे ऑर्डर तयार करतो, तिला एक क्रमांक मिळतो आणि पुढचे सगळे प्रयत्न त्या क्रमांकाखाली होतात. तो क्रमांक आपल्या ४१२७ शेजारी जपून ठेवायचा. बाईंनी पुन्हा प्रयत्न केला तरी ऑर्डर तीच वापरायची, नवी करायची नाही.

आता पैसे आल्याची बातमी आपल्यापर्यंत तीन वाटांनी येऊ शकते. पहिली वाट ग्राहकाच्या ब्राउझरची. पैसे दिल्यावर तो संकेतस्थळाच्या पानावर परत येतो आणि सोबत गेटवेचा संदेश आणतो. ही वाट सर्वांत जलद आणि सर्वांत बेभरवशाची. लोक बँकेचा मेसेज पाहून ब्राउझर बंद करतात, लोकल बोगद्यात शिरते, फोनची बॅटरी संपते. दुसरी वाट वेबहूकची. गेटवेचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला स्वतःहून कळवतो की अमुक पेमेंटचं अमुक झालं. तिसरी वाट म्हणजे आपणच गेटवेला विचारणं.

वेबहूकचा स्वभाव समजून घेतला नाही तर तो घात करतो. गेटवे एकच घटना दोनदा कळवू शकतो, कारण आपल्याकडून ‘मिळालं’ हे उत्तर वेळेत गेलं नाही तर तो पुन्हा पाठवतो. रेझरपे पाच सेकंद थांबतं आणि उत्तर आलं नाही तर अंतर वाढवत २४ तासांपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवत राहतं. स्ट्राइप हेच तीन दिवसांपर्यंत करतं. शिवाय घटना घडल्या त्याच क्रमाने येतील याचीही हमी नसते. ‘पैसे जमा’ आधी आणि ‘पैसे मंजूर’ नंतर, असंही होतं. भारतातल्या डेव्हलपरला सर्वांत जास्त चकवणारी गोष्ट म्हणजे आधी ‘अयशस्वी’ कळवलेलं पेमेंट नंतर ‘मंजूर’ होऊ शकतं. बँकेचं उत्तर उशिरा पोहोचतं आणि गेटवे आपलं म्हणणं बदलतो. म्हणून प्रयत्नाच्या अपयशावर विसंबून काहीही कायमचं फेकून द्यायचं नाही.

वेबहूक घेणाऱ्या कोडने म्हणूनच फार थोडं काम करावं. आलेला मजकूर जसाच्या तसा ठेवून त्यावरची सही तपासायची, म्हणजे तो खरंच गेटवेकडून आला आहे याची खात्री होते. घटनेचा क्रमांक एका तक्त्यात लिहायचा आणि त्या रकान्यावर ‘एकदाच’ अशी अट ठेवायची, म्हणजे तीच घटना दुसऱ्यांदा आली तर डेटाबेसच ती अडवतो. आणि लगेच ‘मिळालं’ म्हणायचं. तिकीट बनवणं, एसएमएस पाठवणं, हिशेबात नोंद करणं हे सगळं नंतर, वेगळ्या कामगार प्रोग्रामने. ही कामं वेबहूकच्या आतच केली की एसएमएस कंपनी सहा सेकंद रेंगाळते, गेटवेची मुदत संपते, तो पुन्हा पाठवतो आणि बाईंना दोन तिकिटं जातात.

तिन्ही वाटांनी आलेली बातमी शेवटी एकाच दारातून आत घ्यायची. ‘ऑर्डरचे पैसे आले’ हे ठरवणारं फंक्शन अख्ख्या प्रणालीत एकच असावं. ब्राउझर परत आला, वेबहूक आलं किंवा आपण विचारलं, तरी त्या फंक्शनने बातमीवर विश्वास न ठेवता गेटवेकडून त्या पेमेंटची आत्ताची स्थिती मागवावी, ऑर्डर क्रमांक आणि रक्कम जुळवून पाहावी, आणि मगच पुढे जावं. रक्कम गेटवेत पैशांत असते, म्हणून १,००० रुपयांच्या जागी 100000 दिसायला हवं. एवढं झालं की मुख्य काम एका वाक्यात होतं:

```sql
UPDATE orders
SET status = 'paid', payment_id = 'pay_B'
WHERE id = 4127 AND status = 'pending';
```

यातली शेवटची अट सगळा भार उचलते. वेबहूक आणि आपली चौकशी एकाच क्षणी आली, दोघांनीही ऑर्डर ‘पेंडिंग’ असल्याचं वाचलं, तरी हे वाक्य दोघांपैकी एकालाच लागू पडतं. डेटाबेस एकाला सांगतो की एक ओळ बदलली, दुसऱ्याला सांगतो शून्य. ज्याला एक मिळालं त्यानेच तिकीट पाठवायची नोंद करायची, आणि तीही त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये. म्हणजे ‘पैसे आले’ लिहून झाल्यावर सर्व्हर बंद पडला तरी तिकिटाचं काम हरवत नाही. ज्याला शून्य मिळालं त्याने थांबून पाहायचं की ऑर्डर आता कुठल्या अवस्थेत आहे आणि कुठल्या पेमेंटने तिथे पोहोचली. हा दुसरा भाग अनेकदा लिहिलाच जात नाही. खरी गुंतागुंत त्यातच आहे.

बाईंकडे परत जाऊ. ७.४३ झाले, पडद्यावर अजून पेंडिंग. आपला चौकशीचा प्रोग्राम एक मिनिटाने, तीन मिनिटांनी, दहा मिनिटांनी, मग अर्ध्या तासाने, काही तासांनी आणि पुढे रोज एकदा गेटवेला विचारतो. दर पाच सेकंदांनी विचारून उपयोग नसतो. बँकेकडे उत्तर नसेल तर गेटवेकडेही नसतं, आणि गेटवे जास्त विचारणाऱ्याला अडवतो. ही चौकशी पाच दिवस चालू ठेवण्यामागे कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, दुकानदाराला यूपीआयने दिलेले पैसे खात्यातून गेले पण दुकानदारापर्यंत खात्रीचं उत्तर पोहोचलं नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. म्हणजे गाठ सुटायला इतका वेळ लागू शकतो, हे व्यवस्थेनेच गृहीत धरलेलं आहे.

त्या तीन मिनिटांत पडद्यावर काय लिहिलं आहे, यावर दोनदा पैसे जाणं बरंचसं अवलंबून असतं. ‘पेमेंट अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा’ असं लिहिलं तर माणूस पुन्हा पैसे देणारच. त्याऐवजी खरं ते लिहावं: ‘बँकेकडून उत्तर आलेलं नाही. तुमच्या खात्यातून पैसे गेले असतील तर पुन्हा भरू नका. खुर्च्या आठ वाजेपर्यंत तुमच्यासाठी ठेवल्या आहेत, काय झालं ते एसएमएसने कळवू.’ खाली दुसऱ्या पद्धतीने पैसे द्यायची सोय असावी, पण ‘माझ्या खात्यातून पैसे गेलेले नाहीत’ असं ग्राहकाने सांगितल्यावरच ती उघडावी.

तरीही बाईंनी घाईत ७.४६ ला कार्डाने पुन्हा पैसे भरले असं धरू. कार्डाचं पेमेंट लगेच यशस्वी झालं, ऑर्डर ४१२७ ‘पैसे आले’ अवस्थेत गेली, तिकीट गेलं. मग ८.२५ ला यूपीआयच्या पहिल्या प्रयत्नाचं वेबहूक येतं की तो मंजूर झाला. वरचं वाक्य चालतं आणि शून्य ओळी बदलतात, कारण ऑर्डर आता पेंडिंग नाही. इथे प्रोग्रामने विचारायचं, ऑर्डरवर लिहिलेलं पेमेंट हेच आहे का? तेच असेल तर ही जुन्या बातमीची दुसरी प्रत आहे, काही करायचं नाही. वेगळं असेल तर त्याच ऑर्डरसाठी आलेले जास्तीचे पैसे आहेत, ते परत करायचे. शून्य ओळी दिसल्या की ‘आधीच झालंय’ म्हणून गप्प बसणारा कोड बाईंचे १,००० रुपये दुकानदाराच्या खात्यात सोडून देतो. डेव्हलपरला वाटतं दुहेरी तिकीट टळलं. तिकीट टळलं, दुहेरी पैसे टळले नाहीत.

काही गेटवे इथे मदत करतात. रेझरपेत एका ऑर्डरखाली एकच पेमेंट पूर्ण ताब्यात घेता येतं, आणि मंजूर होऊनही ताब्यात न घेतलेले पैसे ठरलेल्या मुदतीनंतर ग्राहकाकडे परत जातात. पण बाईंच्या प्रत्येक प्रयत्नाला नवी ऑर्डर करणाऱ्या संकेतस्थळाला या संरक्षणाचा काहीच फायदा होत नाही. गेटवेच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या खरेद्या असतात.

पैसे परत करतानाही तीच अडचण उलट दिशेने उभी राहते. रिफंडची विनंती पाठवली आणि उत्तर यायच्या आत नेटवर्क तुटलं. रिफंड झाला का? पुन्हा पाठवला आणि आधीचाही गेलेला असेल, तर दुकानदाराचे पैसे दोनदा जातील. यावरचा उपाय म्हणजे विनंतीसोबत तिची स्वतःची ओळख पाठवणं. स्ट्राइपमध्ये तिच्यासाठी `Idempotency-Key` नावाचा हेडर असतो. तीच ओळख घेऊन विनंती दुसऱ्यांदा आली तर गेटवे काम पुन्हा करत नाही, पहिल्याचंच उत्तर परत देतो. इथे डेव्हलपर एका जागी हटकून फसतात. ओळख दर वेळी नव्याने बनवली तर तिचा उपयोग शून्य. ती विनंती पाठवण्याआधी डेटाबेसमध्ये लिहिलेली असावी आणि कामावरूनच ठरावी, म्हणजे `refund-pay_A` अशी, ज्यायोगे सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी तीच निघेल. गेटवे ही ओळख कायम लक्षात ठेवत नाही, स्ट्राइपमध्ये ती २४ तासांनंतर पुसली जाऊ शकते. त्यामुळे आपल्या रिफंडच्या तक्त्यातही एका जास्तीच्या पेमेंटसाठी एकच ओळ, अशी अट हवीच.

आता दुसरी शक्यता. बाईंनी सांगितल्याप्रमाणे वाट पाहिली. ७.५० ला धरून ठेवायची मुदत संपते. अशा वेळी खुर्च्या सोडण्याच्या क्षणी गेटवेला एकदा विचारावं. प्रयत्न खरंच चालू असेल तर दहा मिनिटं वाढवून द्यावीत, पण एकदाच. पाच दिवस खुर्ची अडवून ठेवणं कुणालाच परवडत नाही, आणि पिन न टाकताच निघून गेलेल्यांमुळे अर्धं नाट्यगृह ‘पेंडिंग’ दिसू लागेल. आठ वाजता ऑर्डर ‘मुदत संपली’ अवस्थेत जाते आणि खुर्च्या विक्रीला मोकळ्या होतात.

८.२५ ला पैसे आल्याचं कळतं. मुदत संपलेल्या ऑर्डरचे पैसे म्हणून ते दुर्लक्षित करणं ही पैसे भरलेली ऑर्डर हरवायची सर्वांत सर्रास पद्धत आहे. इथे प्रोग्रामने एफ ११ आणि १२ अजून मोकळ्या आहेत का ते पाहावं. असतील तर खुर्च्या पुन्हा ताब्यात घेणं आणि ऑर्डरला ‘पैसे आले’ करणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये व्हावं. विकल्या गेल्या असतील तर रिफंड सुरू करून बाईंना लगेच कळवावं. शेजारच्या दुसऱ्या खुर्च्या आपल्या मनाने देऊन टाकू नयेत. त्यांना पुढच्या रांगेतलं बसायचं होतं की नाही, सोबत वयस्कर कुणी होतं का, हे आपल्याला माहीत नसतं. विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत रिफंडच खरा धरावा.

ग्राहक या काळात बँकेच्या मेसेजचा स्क्रीनशॉट पाठवतात. त्यावर तिकीट देऊ नये, स्क्रीनशॉट बनवता येतो. पण त्यांच्यावर संशयही दाखवू नये. यूपीआयच्या व्यवहाराला बारा अंकी संदर्भ क्रमांक असतो. तो मागून घ्यावा आणि गेटवेच्या नोंदींत शोधावा. पैसे नक्की कुठे अडकले आहेत ते त्यावरून कळतं, आणि त्यांच्या बँकेकडे तक्रार करायलाही तोच लागतो.

इतकं करूनही एक धोका उरतो आणि तो आवाज करत नाही. वेबहूक घेणारा आपला पत्ता बिघडला, सर्टिफिकेटची मुदत संपली, नव्या फायरवॉलने गेटवेला अडवलं, तर कुठेही लाल दिवा लागत नाही. बातम्या येणं थांबतं, आणि ते विक्री मंदावल्यासारखं दिसतं. रेझरपे तर २४ तास सतत अपयश आलं की वेबहूक पाठवणंच बंद करतं. हे ओळखायची माझ्या पाहण्यातली सर्वांत चांगली खूण अशी आहे: ऑर्डर कुठल्या वाटेने पक्की झाली ते प्रत्येक ऑर्डरवर लिहून ठेवा. एरवी बहुतेक ऑर्डरी ब्राउझर आणि वेबहूकने पक्क्या होतात आणि थोड्या आपल्या चौकशीने. चौकशीने पक्क्या होणाऱ्यांचं प्रमाण अचानक वाढलं की वेबहूक बिघडलं आहे, ग्राहकाचा पहिला फोन यायच्या आधीच. जोडीला सर्वांत जुनी पेंडिंग ऑर्डर किती वेळची आहे, हा एक आकडा रोज डोळ्यांसमोर असावा.

आणि रोज सकाळी ताळा. गेटवेकडची यशस्वी पेमेंटं एका बाजूला, आपल्या पक्क्या ऑर्डरी दुसऱ्या बाजूला, दोन्ही पेमेंटच्या क्रमांकाने जुळवायच्या. फक्त कालच्या दिवसाचा ताळा पुरत नाही. रात्री ११.५८ ला सुरू झालेलं पेमेंट दुसऱ्या तारखेला पक्कं होतं, आणि सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेवर नसेल तर दिवसाची सीमाच पहाटे साडेपाचला पडते. म्हणून दर सकाळी मागचे सहा दिवस पुन्हा जुळवायचे, म्हणजे पाच दिवसांनी सुटलेली गाठही सापडते. जुळलेल्या ओळी निघून गेल्या की दोन छोट्या याद्या उरतात. पैसे आहेत पण ऑर्डर पक्की नाही, ही पहिली. तिच्यातली प्रत्येक ओळ त्याच एका दारातून पुन्हा आत पाठवायची, म्हणजे तिकीट तरी जाईल किंवा रिफंड तरी. ऑर्डर पक्की आहे पण पैसे नाहीत, ही दुसरी. ही रिकामीच असायला हवी. तिच्यात एक ओळ जरी दिसली तरी त्या दिवशी नवीन काम हाती न घेता आधी ती ऑर्डर कुठल्या वाटेने पक्की झाली ते शोधावं. गेटवेला न विचारता ब्राउझरच्या शब्दावर कुठेतरी तिकीट दिलं गेलं आहे का, हे सर्वांत आधी तपासायचं.